क्लबची सरासरी काढताना या चुका टाळा: ३.४ षटकं म्हणजे साडेतीनच्या आसपास नव्हे

पाऊस लागला की फोंड्याकडच्या आमच्या क्लबचं मॅट गुंडाळून ठेवलं जातं आणि स्कोअरबुकं माझ्या घरी येतात. चवथीच्या आधी बक्षिसं द्यायची असतात, म्हणून जूनमध्ये सगळे सामने संगणकावर एका यादीत उतरवायचे आणि बेरजा मारायच्या. सूत्रं शाळकरी पोराला जमतील इतकी सोपी आहेत. घोटाळा होतो तो यादी भरताना.

आमच्या लेगस्पिनरचंच बघा. पाच सामन्यांत त्याने ३.४, ४, २.५, ४ आणि १.३ षटकं टाकली. धावा दिल्या २१, १८, २६, ३१ आणि ९, म्हणजे एकूण १०५. बळी ७. यादीत षटकांच्या रकान्याची बेरीज मारली तर १५.२ येते आणि इकॉनॉमी ६.९१. कुणाला काही खटकत नाही, कारण १५.२ षटकं हा आकडा अगदी खरा दिसतो.

पण ३.४ मधला टिंब दशांशाचा नाही. ती तीन षटकं आणि चार चेंडू, म्हणजे २२ चेंडू. पाचही सामन्यांचे चेंडू मोजले तर २२, २४, १७, २४ आणि ९ मिळून ९६ होतात, म्हणजे बरोब्बर १६ षटकं. १०५ भागिले १६ केलं की इकॉनॉमी ६.५६. टिंबाची षटकं दशांशासारखी मिळवली की बेरीज कमीच भरते, त्यामुळे ही चूक कायम गोलंदाजाच्या मुळावर येते. जो सारखी अर्धवट षटकं टाकतो, त्याच्या तर जास्तच. बेरजेत टिंबापुढे ६, ७, ८ किंवा ९ दिसला तर चूक लगेच सापडते, कारण तशी षटकं असूच शकत नाहीत. आमच्या बाबतीत नेमका २ आला आणि चूक लपली.

यादीत पूर्ण षटकं आणि वरचे चेंडू असे दोन वेगळे रकाने ठेवणं सगळ्यात बरं. जुनी यादी टिंबातच भरलेली असेल, तर शेजारच्या रकान्यात चेंडू काढून घ्या. षटकं C रकान्यात आहेत असं धरून:

```
=INT(C2)*6+ROUND(MOD(C2,1)*10,0)
```

यातला ROUND गाळू नका. संगणक ३.४ मधला टिंबापुढचा भाग कधी कधी ०.३९९९… असा धरतो. तिथे ROUND ऐवजी INT वापरलात तर चाराचे तीन चेंडू होतात. पुढे इकॉनॉमी म्हणजे धावा गुणिले ६ भागिले चेंडू, आणि गोलंदाजीचा स्ट्राइक रेट म्हणजे चेंडू भागिले बळी. आमच्या लेगस्पिनरचा तो १३.७१ येतो आणि सरासरी १५. त्याच्या षटकात झालेला एक धावचीत कुणीतरी त्याच्या खात्यात टाकला होता, तेव्हा तोच स्ट्राइक रेट १२ दिसत होता.

काही जण प्रत्येक सामन्याची इकॉनॉमी काढून त्या पाच आकड्यांची सरासरी घेतात. तसं केलं तर ६.६३ येते, कारण नऊ चेंडूंच्या स्पेलला चोवीस चेंडूंच्या स्पेलइतकंच वजन मिळतं. आधी धावा आणि चेंडू यांच्या बेरजा करायच्या, भागाकार अगदी शेवटी, एकदाच.

फलंदाजीत घात करतो तो नाबादचा तारा. आमच्या यष्टिरक्षकाचे नऊ सामने असे होते: ३४, १२*, ०, ४१*, फलंदाजी नाही, ८, २७*, फलंदाजी नाही, २२. एकाने धावा जोडल्या १४४, भागिले नऊ सामने, उत्तर १६. दुसऱ्याने संगणकावर त्या रकान्याला AVERAGE लावलं, त्याचंही उत्तर १६. दोघांचं जुळलं म्हणजे बरोबर, असं म्हणून चहा झाला.

दोन्ही उत्तरं चूक होती. संगणकाला १२* हा आकडा वाटत नाही, अक्षरं वाटतात, म्हणून त्याने तिन्ही नाबाद डाव धावांसकट गाळले आणि ६४ भागिले ४ केलं. पहिल्याने ज्या दोन सामन्यांत पॅडही बांधले नव्हते, तेही भाजकात धरले. सरासरी म्हणजे धावा भागिले कितीदा बाद झाला. १४४ भागिले ४, म्हणजे ३६. ब्रॅडमन यांच्या ६९९६ धावांना ८० डावांनी भागलं तर ८७.४५ येतात. त्यातले १० नाबाद वगळल्यावरच ९९.९४ होतात.

म्हणून धावांच्या रकान्यात फक्त आकडा ठेवा आणि बाद कसा झाला ते शेजारी लिहा. खेळलाच नाही तर धावांची जागा रिकामी सोडा, शून्य घालू नका. शून्य म्हणजे भोपळा, आणि तो खेळून मिळवावा लागतो. दुखापत होऊन मैदान सोडलं आणि परत आला नाही, तर तो डाव नाबाद. ‘३० झाले की बाहेर या’ असल्या टेनिस बॉल स्पर्धांसाठी मात्र आपला नियम हंगामाआधीच ठरवून यादीच्या डोक्यावर लिहून ठेवावा. आम्ही तोही नाबाद धरतो.

याच यष्टिरक्षकाचा स्ट्राइक रेट एकदा २०० आला. दोन षटकार मारले की बसून घेणारा माणूस हा, कुणाचा विश्वास बसेना! कारण असं की ४१* आणि २२ हे डाव ज्या स्पर्धेतले, तिथल्या वहीत फलंदाजाचे चेंडू मोजलेच नव्हते. बाकी पाच डावांत त्याने ७२ चेंडू खेळले होते. सातही डावांच्या धावा पाच डावांच्या चेंडूंनी भागल्या गेल्या. चेंडू माहीत असलेल्या डावांतल्याच धावा घ्यायच्या: ८१ धावा, ७२ चेंडू, स्ट्राइक रेट ११२.५०. सरासरीत मात्र सातही डाव राहतात.

गोलंदाजीचे आकडे ३/१२ असे एकाच चौकोनात लिहू नका, संगणक त्याची ३ डिसेंबर करतो. बळी वेगळे, धावा वेगळ्या.

उरलेल्या चुका अवांतरात सापडतात. वाइड आणि नो-बॉलच्या धावा गोलंदाजाच्या नावावर लागतात, बाय आणि लेग-बाय लागत नाहीत. फलंदाजाच्या खात्यात वाइड हा खेळलेला चेंडू नाही, नो-बॉल मात्र आहे. प्रत्येक डाव उतरवल्यावर मी आता दोन ताळे घेतो. पंचांनी दंडाच्या धावा दिल्या नसतील तर सगळ्या गोलंदाजांनी दिलेल्या धावा, अधिक बाय, अधिक लेग-बाय म्हणजे डावाची धावसंख्या यायला हवी. समोरच्यांच्या १३८ झाल्या, बाय ४, लेग-बाय ५, तर गोलंदाजांची बेरीज १२९ भरलीच पाहिजे. १२२ भरली आणि त्या डावात सात वाइड होते, तर ते कुणाच्याच नावावर लागलेले नाहीत. दुसरा ताळा चेंडूंचा: गोलंदाजांचे वैध चेंडू अधिक नो-बॉल बरोबर फलंदाजांनी खेळलेले चेंडू. हा एक-दोनने चुकतोच, कारण उन्हात बसलेला स्कोअरर फलंदाजापुढे एखादं टिंब द्यायला विसरतो. तेवढं मी सोडून देतो. फरक पाचावर गेला तर वही उघडून षटक न् षटक तपासतो.

यष्टिरक्षकाला यंदा फलंदाजीचं बक्षीस नाही मिळालं. सरासरी सगळ्यात वरची असली तरी बाद झाला चारदाच, आणि आमची अट किमान सहादा बाद होण्याची आहे. तो अजून रागावलेला आहे.