एकच छोटा प्रकल्प आणि इंटर्नशिपचा अर्ज: या चुका टाळा

दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे सांगण्यासारखा एखादाच प्रकल्प असणार, हे अर्ज वाचणारा अभियंता गृहीत धरूनच बसलेला असतो. तरीही बहुतेक अर्जांत तो प्रकल्प फुगवून सांगितलेला असतो आणि घोटाळा तिथेच होतो.

समजा, टाकीतील पाण्याची पातळी दाखवणारे एक साधे यंत्र तुम्ही केले आहे: आर्डुइनो बोर्ड, अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि दोन ओळींचा डिस्प्ले. अर्जात त्याची ‘आयओटी-आधारित स्मार्ट जलव्यवस्थापन प्रणाली’ झाली, की मुलाखतीत माहिती कोणत्या नेटवर्कवरून कुठे जाते हे विचारले जाणारच, आणि ती तर कुठेच जात नाही.

दुसरी चूक ‘मी अत्यंत जिज्ञासू व मेहनती आहे’ या वाक्याची. हे वाक्य कोणाच्याही अर्जात चालते, म्हणून ते वाचलेच जात नाही. प्रकल्पात काय खटकले आणि मग तुम्ही काय तपासले, एवढे लिहिले तर जिज्ञासा हा शब्दही लागत नाही. उदाहरणार्थ:

“टाकीत पाणी भरलेले नसतानाही दुपारी यंत्र सकाळपेक्षा पातळी जास्त दाखवत असे. मी प्रोग्रॅममध्ये ध्वनीचा वेग 343 मीटर प्रतिसेकंद असा कायम धरला होता. तो 20 अंश सेल्सिअसचा आहे आणि 40 अंशांना तो सुमारे 355 होतो. प्रतिध्वनी लवकर परतल्यामुळे एक मीटर अंतर साडेतीन सेंटीमीटरने कमी मोजले जात होते. तापमानाचा सेन्सर जोडून गणित सुधारल्यावर फरक बराच कमी झाला. मात्र टाकीतील हवेचे तापमान सगळीकडे सारखे नसल्याने थोडी चूक अजून उरली आहे.”

शेवटचे वाक्य गाळण्याचा मोह होतो, पण माझ्या मते परिच्छेदातील सर्वांत मोलाचा भाग तोच आहे, कारण आपल्या मोजमापाची मर्यादा सांगणाऱ्या विद्यार्थ्यावर काम सोपवताना वरिष्ठांना धास्ती वाटत नाही. प्रकल्प गटाचा असेल, तर यातील आपला वाटा नेमका कोणता हेही लिहावे.

प्रोग्रॅमची लिंक देत असाल, तर लॉगिन नसलेल्या ब्राउझरमध्ये ती उघडून पाहावी. आपल्याला दिसणारी लिंक इतरांसाठी बंद असणे ही नेहमीची गफलत आहे.

अर्जाचा शेवटही अनेकदा मोघम राहतो. ‘आपल्या नामांकित संस्थेत शिकण्याची संधी मिळावी’ असे लिहिण्यापेक्षा, संस्था सेन्सरची उपकरणे बनवत असल्यास त्यांच्या चाचणीच्या किंवा कॅलिब्रेशनच्या कामात मदत करायची आहे असे स्पष्ट म्हणावे, आणि त्याच परिच्छेदात परीक्षा संपण्याची तारीख व किती आठवडे पूर्णवेळ येता येईल हे द्यावे, म्हणजे होकार देणाऱ्याला पुन्हा विचारणा करावी लागत नाही.