ऑफर लेटरवर सही करण्याआधी ट्रॅकरचं विचारून घ्या

गेल्या महिन्यात शेजारच्या मुलाला घरून कामाची पहिली ऑफर आली. "ताई, लॅपटॉपवर कामाची वेळ मोजणारा ट्रॅकर टाकावा लागेल म्हणतात. टाकू का?" मी म्हटलं, टाक, पण तो काय मोजतो आणि त्या आकड्याचा पगाराशी काय संबंध, हे आधी ईमेलवर विचार. मी विचारलं नव्हतं.

माझं पहिलं काम इन्शुरन्सची कागदपत्रं वाचून चुका काढायचं होतं. मानेवाड्याच्या घरात कूलरसमोर बसून रोज आठ तास वाचायचे. महिनाअखेरीस ट्रॅकरचा हिशेब आला तो रोजच्या ५ तास ५० मिनिटांचा.

असे बरेच ट्रॅकर दिवसाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे करतात. एका तुकड्यात ६०० सेकंद. ज्या सेकंदाला कीबोर्ड किंवा माउस हलला तेवढेच अ‍ॅक्टिव्ह. लांबलचक पीडीएफ वाचताना माझा हात जेमतेम ९० सेकंद हलायचा, म्हणजे १५ टक्के. एक्सेलमध्ये आकडे भरणाऱ्या मैत्रिणीचे ३६० सेकंद, म्हणजे ६० टक्के. मेहनत दोघींची सारखीच, पण माझं काम डोळ्यांचं होतं आणि मोजमाप बोटांचं. त्यातच पाच मिनिटं काही हललं नाही की टायमर थांबायचा आणि ती मिनिटं कापली जायची. दिवसाच्या ४८ तुकड्यांपैकी १३ असेच गेले, म्हणजे १३० मिनिटं. करारात "फक्त अ‍ॅक्टिव्ह वेळेचा मोबदला" ही ओळ होती. मी ती वाचून पुढे गेले होते.

म्हणून तुमचं काम वाचनाचं, विचाराचं किंवा फोनवर बोलण्याचं असेल, तर आयडल वेळ किती मिनिटांनी धरतात आणि ती पगारातून जाते का, हे नक्की विचारा. टक्केवारी वाढवायला माउस हलवणारं यंत्र लावू नका. बरेच ट्रॅकर अधूनमधून स्क्रीनशॉटही घेतात, त्यात अर्धा तास तेच पान दिसतं आणि पकडले जाता. लॅपटॉप स्वतःचा असेल तर स्क्रीनशॉटबद्दलही विचारा, कारण उघडं राहिलेलं बँकेचं पानही त्यात जातं. काही ठिकाणी तो पुसता येतो. अपवर्क या फ्रीलान्स कामाच्या साइटवर मात्र पुसला की त्या दहा मिनिटांचे पैसेही जातात.

'सतत ऑनलाइन' ही अट वेगळीच. टीम्स या ऑफिसच्या चॅट अ‍ॅपवर पाच मिनिटं हालचाल नसली की हिरवा ठिपका पिवळा होतो. मे महिन्यात आपल्याकडे लाइट गेली, राउटर बंद पडला, की तो ठिपकाही राहत नाही. त्यामुळे ठिपका बघतात की उत्तर किती वेळात आलं ते बघतात, आणि लाइट गेल्यावर कळवायचं कोणाला, हे ठरवून घ्या.

त्या मुलाला एचआरचं उत्तर आलं: टक्केवारी फक्त मॅनेजर बघतो, पगार पूर्ण शिफ्टचा. त्याने तेच वाक्य ऑफर लेटरमध्ये टाकून मागितलंय. सुधारित पत्र आलं की सही करणार आहे.