वेव्ह फंक्शन आणि अनिश्चिततेच्या स्लाइड्स: या चुका टाळा

अनिश्चिततेची स्लाइड फसते तेव्हा दोष बहुतेक वेळा तिच्या आधीच्या स्लाइडमध्ये असतो. वेव्ह फंक्शन शिकवताना संवेगाचा उल्लेखच झालेला नसतो, आणि पुढच्या स्लाइडवर Δx·Δp ≥ ħ/2 अचानक अवतरतं. मग Δp आला कुठून हे सांगायला ‘मोजताना इलेक्ट्रॉनला धक्का बसतो’ या गोष्टीचा आधार घ्यावा लागतो. तिथेच श्रोते चुकीच्या वाटेला लागतात.

नागमोडी रेषा ही इलेक्ट्रॉनची वाट नाही

सर्वात जास्त दिसणारी चूक म्हणजे लाटेसारखी रेषा, तिच्यावर एक गोळा आणि पुढे बाण. असं चित्र पाहिलं की इलेक्ट्रॉन वर-खाली हेलकावे खात पुढे जातो, असाच समज होतो. तो झालाय का, हे एका प्रश्नावरून लगेच कळतं. पेटीत बंद असलेल्या कणाची दुसरी अवस्था दाखवली, की कुणीतरी विचारतं, “मधोमध सापडण्याची शक्यता शून्य आहे, तर तो डावीकडून उजवीकडे जातो कसा?” हा प्रश्न मार्ग गृहीत धरूनच येतो. त्यावर मोठं उत्तर देत बसण्यापेक्षा चित्र बदलावं.

गोळा आणि बाण काढून टाका. एकाखाली एक दोन आलेख ठेवा, वर ψ, खाली |ψ|², आणि दोन्हींना आडवा अक्ष एकच. उभ्या अक्षावर नाव लिहायला विसरू नका. ते नसलं की ‘उंची’ म्हणजे जागेची उंची असा अर्थ लावला जातो. वरचा आलेख शून्याच्या खाली जातो, खालचा कधीच जात नाही. त्यामुळे ‘ऋण शक्यता’ हा गोंधळही इथेच मिटतो. माक्स बॉर्न यांनी १९२६ मध्ये मांडलेला अर्थ खालच्या आलेखाचा आहे: एखाद्या पट्ट्यातलं क्षेत्रफळ म्हणजे कण तिथे सापडण्याची शक्यता. एक आकडा जरूर द्या. १ नॅनोमीटर रुंदीच्या पेटीत पहिल्या अवस्थेतला कण मधल्या एक-तृतीयांश भागात सापडण्याची शक्यता सुमारे ६१ टक्के असते, ३३ नव्हे. क्षेत्रफळ रंगवून दाखवलं की इंटिग्रल न लिहिताही हे पटतं.

संवेग कुठे दडलाय, ते आधी दाखवा

गणिताचं एकच वाक्य लागतं: संवेग p = h/λ. तरंगलांबी एकच असेल तर संवेगही एकच, पण अशी लाट दोन्ही बाजूंना अखंड पसरलेली असते, म्हणजे स्थान काहीच ठरत नाही. कण एका भागात एकवटलेला दाखवायचा तर वेगवेगळ्या तरंगलांबीच्या लाटा मिळवाव्या लागतात. मधे त्या एकमेकींना साथ देतात, बाजूला एकमेकींना खोडतात. गठ्ठा जितका अरुंद हवा, तितक्या तरंगलांबींचा पसारा मोठा. अनिश्चितता ती हीच, आणि अजून कुणी काही मोजलेलंही नाही.

हाताने काढलेल्या गठ्ठ्यापेक्षा खरा आलेख काढणं चांगलं. x नॅनोमीटरमध्ये धरा; k म्हणजे 2π/λ, आणि p = ħk.

```python
import numpy as np, matplotlib.pyplot as plt
s, n = 1.0, 101
x = np.linspace(-10, 10, 4001)
k = np.linspace(10-5*s, 10+5*s, n)
w = np.exp(-(k-10)**2/(4*s**2))
psi = w @ np.exp(1j*np.outer(k, x))
psi /= np.sqrt((abs(psi)**2).sum()*(x[1]-x[0]))
fig, (a, b) = plt.subplots(2, sharex=True)
a.plot(x, psi.real); b.plot(x, abs(psi)**2)
a.set_ylim(-1, 1); b.set_ylim(0, 0.9); plt.show()
```

s म्हणजे k चा पसारा. s = 1 ठेवला तर स्थानाचा पसारा ०.५ नॅनोमीटर येतो; s = 0.25 केला की २ नॅनोमीटर. दोन्ही वेळा गुणाकार अर्धाच. हे दोन आलेख शेजारी ठेवले की समीकरण लिहिण्याआधीच श्रोत्यांना ते दिसलेलं असतं.

इथे तीन ठिकाणी घोटाळा होतो.

गठ्ठा एक हवा आणि तीन दिसतात: लाटा फार कमी घेतल्या आहेत. s = 1 असताना n 101 ऐवजी 11 करून पाहा; लाटांमधलं अंतर १ होतं आणि तोच गठ्ठा दर 2π, म्हणजे सुमारे ६.२८ नॅनोमीटरवर पुन्हा उभा राहतो. स्लाइडवर मोजक्याच लाटा मिळवून दाखवायच्या असतील, तर x ची कक्षा त्याहून लहान ठेवा, किंवा बाजूचे गठ्ठे कुठून आले ते स्पष्ट सांगा.

|ψ|² च्या गठ्ठ्यात दात दिसतात: फक्त cos घेऊन त्याचा वर्ग केला आहे. वेव्ह फंक्शन संमिश्र असतं. वरचा आलेख त्याचा केवळ वास्तव भाग दाखवतो. दोन्ही भाग धरून वर्ग घेतला की गुळगुळीत टेकडी येते. एवढं एक वाक्य स्लाइडवर लिहिलं तरी पुरतं.

दोन्ही गठ्ठे सारखेच दिसतात: सॉफ्टवेअरने अक्ष आपोआप ताणले आहेत. दोन्हीकडे मोजपट्टी एकच ठेवा. वरच्या कोडमध्ये म्हणूनच कक्षा बांधून टाकली आहे.

Δ म्हणजे उपकरणाची चूक नव्हे

हायझेनबर्ग यांनी १९२७ मध्ये गॅमा किरणांच्या सूक्ष्मदर्शकाचा काल्पनिक प्रयोग मांडला आणि तेच चित्र पाठ्यपुस्तकांत रुजलं. पण स्लाइडवरची असमानता त्या धक्क्याबद्दल नाही. ती त्याच वर्षी केनार्ड यांनी सिद्ध केली, आणि तिच्यातला Δ म्हणजे प्रमाण विचलन. मोजमापाने होणारा बदल खरा आहे, पण तो वेगळा विषय आहे आणि त्याची समीकरणंही वेगळी आहेत. दोन्ही एकाच स्लाइडवर आणू नका.

फरक पटवायचा तर सूक्ष्मदर्शकाऐवजी दोन हिस्टोग्राम काढा. एकाच पद्धतीने तयार केलेले २,००० इलेक्ट्रॉन घ्या. त्यातल्या १,००० चं फक्त स्थान मोजा, उरलेल्या १,००० चा फक्त संवेग. एकाही इलेक्ट्रॉनवर दोन मोजमापं झालेली नाहीत, त्यामुळे पहिल्या मोजमापाने दुसरं बिघडवलं असं म्हणायला जागाच उरत नाही. तरीही दोन हिस्टोग्रामच्या रुंदींचा गुणाकार ħ/2 च्या खाली जात नाही. उपकरण कितीही अचूक असलं तरी हे टळत नाही. उलट ढोबळ उपकरणाने रुंदी आणखी वाढते.

शेवटी आकडे घालताना h आणि ħ यांची गल्लत होते. ħ च्या जागी h टाकला की उत्तर ६.२८ पट मोठं येतं. तपासायला हे उदाहरण घ्या: ħ = १.०५ × १०⁻³⁴ ज्यूल-सेकंद, इलेक्ट्रॉनच्या स्थानाचा पसारा ०.१ नॅनोमीटर. संवेगाचा पसारा किमान ५.३ × १०⁻²⁵ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद, त्याला ९.१ × १०⁻³¹ किलोग्रॅमने भागलं की वेगाचा पसारा येतो सुमारे ५८० किलोमीटर प्रति सेकंद. तुमच्या स्लाइडवर ३,६०० च्या आसपास काही आलं असेल, तर h घातला गेला आहे. याच्या शेजारी १ मायक्रोग्रॅमचा धूलिकण ठेवा. त्याच्या स्थानाचा पसारा १ मायक्रोमीटर धरला तर वेगाचा पसारा किमान ५ × १०⁻²⁰ मीटर प्रति सेकंद, म्हणजे कुठल्याच उपकरणाला न जाणवणारा. मोठ्या वस्तूंना नियम लागू होत नाही, असं मात्र लिहू नका. लागू होतो, फक्त वस्तुमानाने भागल्यावर त्याचा परिणाम दिसेनासा होतो.