परदेशी इंटर्नशिपची कागदपत्रे: आधी तारखा जुळवा, मग सह्या घ्या

समजा, कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीला जर्मनीतल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून मेल आला: ‘मे ते जुलै, तीन महिने या.’ पेढे वाटून झाले की पहिलं काम कॅलेंडर काढून दिवस मोजण्याचं. १ मे ते ३१ जुलै हे ९२ दिवस होतात. जर्मनीसह युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या अल्प मुदतीच्या शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहता येतं, आणि पोहोचण्याचा व निघण्याचा दिवसही त्यात धरतात. म्हणजे दोन दिवसांपायी सगळं प्रकरण दीर्घ मुदतीच्या व्हिसात जातं. म्हणून कामाची मुदत ४ मे ते २९ जुलै ठरवून घ्यावी. ३ मेला पोहोचून ३० जुलैला निघालं तर ८९ दिवस भरतात.

१. निमंत्रणपत्र

होकाराचा मेल म्हणजे निमंत्रणपत्र नव्हे. संस्थेच्या लेटरहेडवर, सहीनिशी पत्र हवं. त्यात तुमचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, विभाग, मार्गदर्शकाचं नाव, कामाचा विषय आणि आठवड्याचे तास असावेत. मानधन किती, नसेल तर ‘नाही’ असं स्पष्ट लिहिलेलं असावं. राहण्याची सोय कोण करणार हेही त्यातच यावं. मानधन नसेल, तर खर्च कोण करतंय हे पालकांचं पत्र आणि बँकेचं स्टेटमेंट जोडून दाखवावं लागतं.

प्राध्यापकांना बहुधा असं पत्र लिहायची सवय नसते. हे मुद्दे तुम्हीच नम्रपणे मेलमध्ये लिहून पाठवा, त्यांना ते बरंच वाटतं. त्याच मेलमध्ये विचारा की जर्मनीच्या रोजगार संस्थेची संमती लागणार आहे का. अभ्यासक्रमाशी निगडित इंटर्नशिपसाठी ती सहसा लागते, आणि अर्ज यजमान संस्थेनेच करायचा असतो.

नावाकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, कधी शेवटी आईचंही असतं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो. प्रत्येक कागदावर पासपोर्टप्रमाणेच नाव घ्या. गुणपत्रिकेवरचं स्पेलिंग वेगळं असेल, तर दोन्ही नावं एकाच विद्यार्थिनीची आहेत असं कॉलेजकडून लिहून घ्या.

२. कॉलेजची परवानगी

बोनाफाइड वेगळं, ना हरकत प्रमाणपत्र वेगळं. बोनाफाइड एवढंच सांगतं की तुम्ही इथे शिकता. परवानगीच्या पत्रात त्यापुढचं हवं: कोणत्या तारखांना कुठे जाणार, इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग आहे की ऐच्छिक, आणि परत येऊन पुढचं सेमेस्टर इथेच करणार. व्हिसा अधिकारी हा परतण्याचा मुद्दा बारकाईने पाहतात.

निमंत्रणपत्र हातात आल्यावरच हा अर्ज करा, कारण तारखा तिथूनच उचलायच्या असतात. संलग्न कॉलेजात तो साधारणपणे विभागप्रमुखांकडून प्राचार्यांकडे जातो. शिवाजी विद्यापीठाच्या एखाद्या अधिविभागात शिकत असाल, तर सही नेमकी कोणाची लागेल ते आधी विभागात विचारा. अर्जासोबत परीक्षेचं वेळापत्रक जोडा. मे महिन्यात प्रात्यक्षिक किंवा लेखी परीक्षा उरली असेल तर प्राचार्य सही करणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असतं. तसं असेल तर यजमानांकडून तारखा पुढे ढकलून नवं पत्र मागवा. जुन्या पत्रावर पेनाने दुरुस्ती चालत नाही. पत्र इंग्रजीत, जावक क्रमांक, तारीख आणि शिक्क्यासह घ्या.

३. विमा

शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण हवं. ते सर्व शेंगेन देशांत चालणारं असावं, आणि त्यात तातडीचे उपचार, रुग्णालयाचा खर्च व मायदेशी परत आणण्याचा खर्च यावा. आपल्या उदाहरणात पॉलिसी कोल्हापुरातून निघण्याच्या दिवसापासून, म्हणजे साधारण २ मेपासून घ्या आणि परतीनंतर काही दिवस पुढे ठेवा. विमान रद्द झालं तर ते दिवस उपयोगी पडतात.

पण पॉलिसीतली ‘वगळलेल्या बाबी’ ही यादी वाचल्याशिवाय पैसे भरू नका. पर्यटकांसाठीच्या काही पॉलिसी कामाच्या ठिकाणी झालेली इजा मोजत नाहीत. प्रयोगशाळेत ॲसिड अंगावर उडालं तर नेमका तोच खर्च नाकारला जातो. शिवाय तुमच्या हातून महागडं उपकरण बिघडलं, तर वैद्यकीय विमा त्याचे पैसे देत नाही. त्यासाठी दायित्व विमा असतो. अपघात आणि दायित्व विमा संस्था देते की तुम्ही घ्यायचा, हे यजमानांना लेखी विचारा.

४. अर्ज

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर आणखी तीन महिने, इथे ३० ऑक्टोबरपर्यंत, वैध हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, चौकशी निघाली तर ४५ सुद्धा. त्यात अपॉइंटमेंटची वाट पाहणं धरा. फेब्रुवारीत तिन्ही कागद तयार असतील तर घाई होत नाही.

अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी निमंत्रणपत्र, परवानगी आणि पॉलिसी टेबलावर शेजारी शेजारी ठेवून नाव, पासपोर्ट क्रमांक आणि तारखा मोठ्याने वाचा, घरातल्या कुणाला तरी ऐकायला बसवा. प्रवासात मूळ प्रती हातातल्या बॅगेत ठेवा. व्हिसा लागलेला असला तरी विमानतळावरचे अधिकारी निमंत्रणपत्र आणि विमा मागू शकतात.