शकात बारा मिळवा: संवत्सराचे नाव कसे काढावे

लग्नपत्रिकेत 'शके 1948, पराभवनाम संवत्सर' असे छापलेले असते आणि पूजेच्या संकल्पात गुरुजी दर वर्षी वेगळे नाव घेतात. ही नावे साठ आहेत. ती ठरलेल्या क्रमाने येतात आणि साठावे झाले की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. चालू वर्षाचे नाव काढायला पंचांग हाताशी असलेच पाहिजे असे नाही. शालिवाहन शक ठाऊक असला की पुरे.

आधी शक काढा. गुढीपाडव्यापासून 31 डिसेंबरपर्यंतची तारीख असेल तर इसवी सनातून 78 वजा करा. 1 जानेवारीपासून पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंतची असेल तर 79 वजा करा, कारण इंग्रजी वर्ष बदलले तरी आपले वर्ष अजून संपलेले नसते.

आता शकात 12 मिळवा आणि बेरजेला 60 ने भागा. बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. बाकी शून्य आली तर साठावे, म्हणजे क्षय. 19 मार्च 2026 च्या पाडव्याला शके 1948 सुरू झाले. 1948 अधिक 12 म्हणजे 1960. साठ बत्तीस 1920, बाकी 40. खालच्या यादीत चाळिसावे नाव पराभव आहे.

1 ते 10: प्रभव, विभव, शुक्ल, प्रमोद, प्रजापति, अंगिरा, श्रीमुख, भाव, युवा, धाता
11 ते 20: ईश्वर, बहुधान्य, प्रमाथी, विक्रम, वृष, चित्रभानु, सुभानु, तारण, पार्थिव, व्यय
21 ते 30: सर्वजित, सर्वधारी, विरोधी, विकृति, खर, नंदन, विजय, जय, मन्मथ, दुर्मुख
31 ते 40: हेमलंबी, विलंबी, विकारी, शार्वरी, प्लव, शुभकृत, शोभन, क्रोधी, विश्वावसु, पराभव
41 ते 50: प्लवंग, कीलक, सौम्य, साधारण, विरोधकृत, परिधावी, प्रमादी, आनंद, राक्षस, नल
51 ते 60: पिंगल, कालयुक्त, सिद्धार्थी, रौद्र, दुर्मति, दुंदुभी, रुधिरोद्गारी, रक्ताक्षी, क्रोधन, क्षय

भागाकाराचा कंटाळा असेल तर एक सोपी वाट आहे. सध्याचे साठ वर्षांचे चक्र 1987 च्या पाडव्याला, शके 1909 ला सुरू झाले. म्हणून शकातून 1908 वजा केले की थेट क्रमांक मिळतो: 1948 वजा 1908, चाळीस. ही युक्ती शके 1968 पर्यंत चालेल, मग चक्र नव्याने सुरू होईल.

रीत बरोबर आहे ना, हे पडताळायला इतिहासातल्या तारखा उत्तम. शिवराज्याभिषेक 6 जून 1674 चा. तारीख पाडव्यानंतरची, म्हणून 78 वजा करून शके 1596. त्यात 12 मिळवले की 1608, साठाने भागून बाकी 48, म्हणजे आनंद. राज्याभिषेकाच्या मितीत 'आनंदनाम संवत्सर' असते ते हेच.

आता शिवजन्म घ्या: 19 फेब्रुवारी 1630. इथे घाईने 78 वजा केले तर शके 1552 येतो आणि नाव 'प्रमोद' निघते. पण तेव्हा फाल्गुन चालू होता, पाडवा यायचा होता. 79 वजा केले की शके 1551, अधिक 12 म्हणजे 1563, बाकी 3, शुक्ल. जन्मतिथीत शुक्लनाम संवत्सरच दिलेले असते. जानेवारी ते मार्चमधल्या वाढदिवसांना सर्वांत जास्त होणारी चूक हीच.

दुसरी गफलत सरकारी दिनांकामुळे होते. राष्ट्रीय दिनदर्शिकेतही शकच आहे, पण तिचे वर्ष 22 मार्चला (लीप वर्षी 21 मार्चला) ठरलेलेच सुरू होते. पाडवा मात्र चंद्रावर चालतो. शके 1948 मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे पुढचा पाडवा 2027 च्या एप्रिलमध्ये जातो. म्हणजे 1 एप्रिल 2027 ला सरकारी कागदावर 11 चैत्र 1949 असेल आणि पंचांगात अजून शके 1948, पराभवच. संवत्सरासाठी पाडव्याचा शक धरायचा.

घरातल्या जुन्या जन्मपत्रिकेत बहुधा उलटा प्रश्न पडतो. शकाचे आकडे घडीवर पुसलेले असतात, पण संवत्सराचे नाव वाचता येते. तेव्हा क्रमांकातून 12 वजा करा आणि साठ-साठ मिळवत जा. समजा नाव 'प्लव' आहे. क्रमांक 35, वजा 12 म्हणजे 23. मग शके 1823, 1883 किंवा 1943, यांपैकी एक. इसवी सनात 1901, 1961 किंवा 2021 च्या पाडव्यापासूनचे वर्ष. माणसाच्या वयावरून यातला कोणता, हे सहज ठरते, कारण साठ वर्षांची चूक कोणाच्या नजरेतून सुटत नाही. (पानशेत फुटले ते 12 जुलै 1961 ला, म्हणजे प्लव संवत्सरात, आणि प्लव म्हणजे तरंगणारे, नाव! नावावरून वर्षफल सांगणाऱ्यांना असे योग फार आवडतात. न जुळलेल्या वर्षांची यादी मात्र कोणी ठेवत नाही.)

जुने अक्षर वाचताना सारख्या नावांकडे नीट पाहा. क्रोधी अडतिसावे, क्रोधन एकोणसाठावे. 'धी' आणि 'धन' यांत फसलात तर एकवीस वर्षांचा फरक पडतो. प्रमोद, प्रमाथी आणि प्रमादी ही तिन्ही वेगळी. विरोधी आणि विरोधकृतही वेगळी. हेमलंबी कुठे हेवलंबी, नल कुठे अनल आणि शोभन कुठे शोभकृत लिहिलेले आढळेल, पण ही पाठभेदाची गोष्ट, क्रमांक तोच.

काशीच्या किंवा उत्तरेतल्या दुसऱ्या पंचांगाशी नाव ताडून पाहाल तर मात्र ते जुळणार नाही. शके 1947 आपल्याकडे विश्वावसु, म्हणजे 39 वे; हिंदी वृत्तपत्रांत त्याच नववर्षाचे नाव सिद्धार्थी, म्हणजे 53 वे, छापले गेले. चूक कोणाचीच नाही. हे चक्र मुळात गुरूचे. गुरू मध्यम गतीने एक रास सुमारे 361 दिवसांत ओलांडतो आणि तेवढ्या काळाला एक संवत्सर म्हणत. आपले सौरवर्ष त्याहून चारेक दिवसांनी मोठे, म्हणून सुमारे 85 वर्षांत गुरूचे एक संवत्सर जास्त होते. उत्तरेत तेव्हा एक नाव गाळून पुढचे घेतात. दक्षिणेत, म्हणजे नर्मदेच्या अलीकडे, हे गाळणे इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या सुरुवातीला थांबले आणि दर वर्षी पुढचे एक नाव घेण्याची सरळ पद्धत राहिली. तेव्हापासून साचत गेलेले अंतर आज चौदा नावांचे झाले आहे.

म्हणून वरची रीत महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, आंध्र आणि तेलंगणातल्या पंचांगांना लागू पडते. उत्तरेतल्या कागदावरचे नाव वाचायचे असेल तर तिथलेच पंचांग उघडावे लागेल. चौदा मिळवून भागत नाही, कारण जितके मागे जावे तितके ते अंतर कमी होत जाते. आणि दहाव्या शतकापूर्वीच्या ताम्रपटावरचे संवत्सर असेल तर तो दक्षिणेतला असला तरी बारा मिळवून काढलेल्या नावावर विसंबू नका.