मराठी सपोर्टची जाहिरात दिसली की मेल टाका

फ्रीलान्स अनुवादकांनो, शंभर कंपन्यांना एकच मेल पाठवण्यापेक्षा दहा-बाराच नावं शीटमध्ये ठेवा. दर सोमवारी त्यांचं करिअर पेज आणि ॲपमधली भाषांची यादी बघा. ‘मराठी बोलणारे कस्टमर सपोर्ट’ अशी नवी जाहिरात आली, तर मराठी ग्राहक वाढवायचा बेत असू शकतो. त्याच आठवड्यात प्रॉडक्ट मॅनेजरला लिहा, एचआरला नको. महिनोन्‌महिने तीच जाहिरात पडून असेल तर सोडून द्या.

ॲप आधीच मराठीत आलं असेल, तर अनुवादाचं काम बहुधा कुणाला तरी दिलेलं असतं. तेव्हा तपासणीचं काम मागा. सोबत एक स्क्रीनशॉट जोडा: ‘पुढे चालू ठेवा’ बटणात मावत नाही, ‘पुढे’ पुरेल.