एजिंग चार्ट वाचताना : सगळ्यात उंच ठिपकाच धोक्याचा असतो असं नाही

सॉफ्टवेअर टीममध्ये नव्याने आलेल्यांना सायकल टाइमचा, म्हणजे काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत लागलेल्या दिवसांचा चार्ट लवकर समजतो, कारण तो संपलेल्या कामांबद्दल बोलतो. एजिंगचा चार्ट मात्र आत्ता हातात असलेल्या कामांबद्दल बोलतो आणि म्हणूनच जास्त उपयोगाचा आहे. अजून काही करता येण्यासारखं असतं तेव्हाच तो दिसतो. मी गेली काही वर्षं पुण्यातल्या एका बिलिंग सॉफ्टवेअरच्या टीममध्ये आहे. रोजच्या स्टँड-अपला हाच चार्ट पडद्यावर असतो, म्हणून तो कसा वाचायचा ते नीट लिहिते आहे.

आडव्या अक्षावर बोर्डाचे टप्पे असतात. आमच्याकडे डेव्हलपमेंट, रिव्ह्यू आणि टेस्टिंग. उभ्या अक्षावर वय, म्हणजे काम सुरू झाल्यापासून आजपर्यंतचे दिवस. सुरुवातीचा दिवस 1 धरतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एक चालू तिकीट. रात्र उलटली की प्रत्येक ठिपका एक घर वर चढतो, काम पुढे सरकलं तरच उजवीकडे जातो. दोन-तीन दिवस नुसता वरच चढणारा ठिपका सहज डोळ्यात भरतो.

चार्टवर आडव्या रेषा असतात त्या पर्सेंटाइलच्या. हिशेबासाठी सोपे आकडे घेऊ. टीमने अलीकडे 60 तिकिटं संपवली. त्यातली 30 सहा दिवसांत किंवा त्याआधी संपली, 51 बारा दिवसांत. म्हणजे 50 टक्क्यांची रेषा 6 वर आणि 85 टक्क्यांची 12 वर. सरासरी इथे घ्यायची नाही, कारण एक-दोन तिकिटं महिनाभर रखडली की सरासरी वर ओढली जाते आणि मग ती कोणत्याच कामाचं वर्णन करत नाही.

आता नवीन माणूस हमखास काय करतो? 12 च्या वर कोण गेलंय तेवढं बघतो. पण 12 ओलांडलेल्या तिकिटाबद्दल फार काही करता येत नाही, उशीर झालेला असतो. खरी नजर 6 च्या रेषेवर हवी. काम सुरू करताना ते 12 दिवसांच्या पुढे जाण्याची शक्यता 60 पैकी 9, म्हणजे 15 टक्के. पण एखादं तिकीट सहा दिवस उलटूनही संपलं नाही, तर आता त्याची तुलना साठांशी नाही, सहा दिवसांपेक्षा जास्त लागलेल्या 30 तिकिटांशीच होते. त्यांतली 9 बारा दिवसांच्या पुढे गेली, म्हणजे 30 टक्के. कुणी काही चूक केलेली नसतानाही धोका दुप्पट झाला. हे एकदा कागदावर मांडून बघा, मग मधली रेषा बघायची सवय आपोआप लागते.

याच्याही पुढची पायरी म्हणजे टप्प्यानुसार वाचणं. बऱ्याच टूलमध्ये प्रत्येक कॉलमच्या मागे रंगाचे पट्टे दिसतात. संपलेली तिकिटं तो टप्पा सोडून गेली तेव्हा त्यांचं वय किती होतं, ते हे पट्टे सांगतात. आपल्या उदाहरणात 60 पैकी 51 तिकिटांनी पाचव्या दिवसापर्यंत डेव्हलपमेंट सोडलं होतं. पाच दिवसांनंतरही तिथेच राहिलेली 9 होती आणि त्यांतली 7 शेवटी बारा दिवसांच्या पुढे गेली.

हे डोक्यात ठेवून दोन ठिपके बघू. पहिलं तिकीट रिफंड रिपोर्टचं, वय 8, टेस्टिंगमध्ये. दुसरं क्रेडिट नोटच्या क्रमांकांचं, वय 7, अजून डेव्हलपमेंटमध्ये. उंच ठिपका पहिल्याचा, त्यामुळे स्टँड-अपला सगळे आधी त्याच्याकडे वळतात. पण आठव्या दिवशी टेस्टिंगला पोचलेली बहुतेक तिकिटं वेळेत संपलेली आहेत. दुसरं मात्र त्या नऊ जणांच्या रांगेत जाऊन बसलंय.

स्टँड-अपला अशा वेळी "कधी होईल?" विचारू नये. "उद्या" हे उत्तर ठरलेलं असतं आणि त्यातून काहीच कळत नाही. आमच्या टीममधली एक सीनियर टेस्टर नेहमी विचारते, "या तिकिटाला शेवटचा हात कधी लागला आणि आता ते कशासाठी थांबलंय?" अशा तिकिटाची हिस्टरी उघडली की बहुधा एकसारखंच चित्र दिसतं. पहिले दोन दिवस कमिट आहेत. मग फायनान्सला प्रश्न गेला : क्रेडिट नोटला इन्व्हॉइसची मालिका वापरायची की वेगळी? उत्तर आलं नाही. डेव्हलपरने तोवर दुसरं तिकीट उचललं. सात दिवसांच्या वयात प्रत्यक्ष काम दोन दिवसांचं. इथे आणखी एक डेव्हलपर लावून उपयोग नाही, फायनान्सच्या माणसाला त्याच दिवशी फोन लावायला हवा, आणि नवं काहीही सुरू करण्याआधी लावायला हवा.

कधी कधी तिकीट अडलेलं नसतं, मुळातच मोठं असतं. मग ते फोडा. फक्त एक नियम पाळा : ज्या तुकड्यावर काम सुरू झालंय त्याने जुनी सुरुवातीची तारीख बरोबर न्यायची, आणि ज्याला अजून हातच लागला नाही तो बॅकलॉगमध्ये परत. सगळ्या तुकड्यांना आजची तारीख दिली तर चार्ट स्वच्छ दिसेल, पण गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासूनच वाट बघतंय. टेस्टिंगमधून डेव्हलपमेंटला परत आलेल्या तिकिटाचंही तसंच, त्याचं वय शून्यावर येत नाही.

जिरा वापरणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. कार्डावर दिसणारे राखाडी ठिपके फक्त चालू कॉलममधले दिवस दाखवतात. तिकीट सरकलं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, म्हणून त्यांना वय समजू नका. चार्टचं वेगळं टूल नसेल तर निदान एवढा फिल्टर ठेवा (स्टेटसचं नाव तुमच्या बोर्डाप्रमाणे बदला) :

```
statusCategory = "In Progress" AND status CHANGED TO "Development" BEFORE -6d
```

यात डेव्हलपमेंटला परत आलेलं तिकीटही सापडतं, कारण त्याचा आधीचा प्रवेश मोजला जातो.

या चार्टचा एक दोष मात्र माहीत असायलाच हवा. रेषा संपलेल्या कामांवरून निघतात. कोपऱ्यात विसरलेलं, चाळीस दिवसांचं तिकीट संपतच नाही, त्यामुळे त्याचा रेषेवर परिणामही होत नाही. आणि अशी दहा-बारा तिकिटं एकदम बंद केली की 85 ची रेषा वर सरकते. मग कालपर्यंत धोक्यात दिसणारे ठिपके आज सुरक्षित दिसू लागतात, काम मात्र तेवढंच संथ असतं. म्हणून आम्ही दर तिमाहीला रेषेचा आकडा बोर्डाशेजारी लिहून ठेवतो आणि तो वर गेला तर आधी कारण शोधतो. जे काम करायचंच नाही असं ठरलंय ते "रद्द" म्हणून बंद करतो, "पूर्ण" म्हणून नाही, म्हणजे ते सायकल टाइमच्या हिशेबात शिरत नाही.